सीसॅटचा उतारा: वेळ वाचनात जात नाही, परतफेऱ्यांत जातो

राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात, म्हणजे सीसॅटमध्ये, दोन तासांत 80 प्रश्न असतात आणि त्यांतले निम्म्याहून अधिक उताऱ्यांवर असतात. म्हणून वाचनाचा वेग वाढवला की झाले, असा समज पक्का आहे. पण साध्या हिशेबाने एका प्रश्नाला दीड मिनिट, म्हणजे पाच प्रश्नांच्या उताऱ्याला साडेसात मिनिटे मिळतात. एवढ्यात उतारा एकदा सावकाश वाचून होतो. प्रत्येक प्रश्नासाठी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, तर मात्र कितीही वेग असला तरी वेळ पुरत नाही.

यावर उपाय म्हणून काही जण उतारा न वाचताच प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधतात. हा दुसरा गैरसमज. समजा, रत्नागिरीच्या सड्यावरील कातळशिल्पांवर उतारा आला. पहिल्या परिच्छेदात जांभ्यावर कोरलेल्या आकृत्यांचे वर्णन आहे. दुसऱ्यात म्हटले आहे, की 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत नऊ स्थळे आली, त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक सिंधुदुर्गातले आणि एक गोव्यातले. तिसऱ्यात त्यांच्या काळाबद्दलचे मतभेद आहेत. प्रश्न असा: कोणते विधान उताऱ्यातून निघते? पर्याय: ही स्थळे जागतिक वारसा ठरली आहेत, सर्व स्थळे महाराष्ट्रात आहेत, बहुतेक स्थळे एकाच जिल्ह्यात आहेत. ‘बहुतेक’ हा शब्द उताऱ्यात कुठेच नाही, तरी उत्तर तेच. ‘युनेस्को’ दिसताच पहिल्या पर्यायावर खूण करणारा ‘संभाव्य’ हा शब्द विसरलेला असतो, आणि ‘सर्व’ म्हणणारा पर्याय गोव्याच्या एका उल्लेखाने कोसळतो.

म्हणून आधी फक्त प्रश्न वाचावेत, पर्याय नव्हे. मग उतारा एकदाच वाचताना प्रत्येक परिच्छेदाशेजारी ‘वर्णन’, ‘यादी’, ‘वाद’ असा एखादा शब्द पेन्सिलीने लिहावा. वरच्या प्रश्नाला मग थेट ‘यादी’कडे जाता येते. आकडे आणि विशेषनामे शब्दांतर झाले तरी सहसा टिकतात, त्यामुळे शोध तिथूनच घ्यावा. लेखकाचा सूर किंवा मध्यवर्ती कल्पना विचारली असेल, तर ओळ शोधत बसू नये. ते उत्तर एका ओळीत नसतेच.

प्रश्न आधी वाचण्यात वेळ जातो, हा आक्षेप खरा आहे, आणि लहान उताऱ्याला ती गरजही नसते. मात्र सगळे उतारे सोडवलेच पाहिजेत, हा आग्रह निराधार आहे. हा पेपर आता पात्रतेपुरता असून 200 पैकी 33 टक्के, म्हणजे 66 गुण पुरतात. अडीच गुणांचा एक याप्रमाणे 27 अचूक उत्तरांत ते मिळतात; प्रत्येक चुकीला सव्वासहा दशांश, म्हणजे 0.625 गुण वजा होतात. अमूर्त विषयावरचा उतारा पहिल्या वाचनात पकडीत आला नाही, तर तो शेवटी ठेवावा.