दिशा ठरते कुठे? केंद्रकछिद्रांवरील वीस वर्षांच्या संशोधनाचा मागोवा

केंद्रकाच्या आवरणाला छिद्रे असतात, हे १९५० सालापासून माहीत होते. त्या वर्षी कॅलन आणि टॉमलिन यांनी उभयचर प्राण्यांच्या अंडपेशींची केंद्रकावरणे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पण छिद्र दिसले म्हणून त्यातली ये-जा उलगडली, असे होत नाही. प्रथिने पेशीद्रवात तयार होतात. त्यातली काही केंद्रकात जाऊन साठतात, काही बाहेरच राहतात, काही सतत आतबाहेर करतात. या वाहतुकीला दिशा कोण देते? या प्रश्नाचे उत्तर हाती यायला १९८२ पासून पुढची वीस वर्षे लागली. उत्तराचा शोध बराच काळ छिद्रातच चालला होता. ते सापडले छिद्राच्या दोन्ही बाजूंना.

१९८२ पर्यंत एक सोपा तर्क प्रचलित होता. सगळीच प्रथिने हळूहळू आत झिरपतात आणि आत ज्यांना चिकटायला जागा मिळते ती तिथे राहतात. डिंगवॉल, शार्नहॉर्स्ट आणि लास्की यांनी न्यूक्लिओप्लाझमिन या प्रथिनावर केलेल्या प्रयोगाने हा तर्क मोडला. पाच उपघटकांच्या या प्रथिनाला प्रत्येक उपघटकामागे एक शेपटी असते आणि विकर वापरून ती कापता येते. किरणोत्सारी खूण केलेले तुकडे त्यांनी झेनोपस बेडकाच्या अंडपेशीत टोचले. सुट्या शेपट्या केंद्रकात गेल्या. शेपट्या काढलेला गाभा पेशीद्रवातच राहिला. तोच गाभा थेट केंद्रकात टोचला, तर तो तिथून बाहेरही आला नाही. म्हणजे झिरपण्याचा प्रश्नच नव्हता. गाभ्याला आवरण ओलांडताच येत नव्हते. पाचांपैकी एक शेपटी शिल्लक ठेवली तरी अख्खा गाभा आत जाई. इतक्या साध्या साधनांनी इतका निर्णायक निष्कर्ष देणारे प्रयोग या क्षेत्रात फार थोडे आहेत, असे मला वाटते.

दोन वर्षांनी कॅल्डेरॉन आणि सहकाऱ्यांनी एसव्ही४० या विषाणूच्या लार्ज टी प्रथिनात खूण नेमकी कुठे असते ते दाखवले. सात अमिनो आम्लांची ती खूण अशी: `PKKKRKV`. तिच्यातले १२८ क्रमांकाचे लायसिन बदलले की प्रथिन पेशीद्रवात अडकते. आणि एरवी केंद्रकात कधीच न जाणाऱ्या पायरुव्हेट कायनेजला ही खूण जोडली की ते आत जाते.

खूण मिळाली, पण ती वाचतो कोण? जिवंत पेशीत टोचत बसून हे कळणे कठीण होते. १९९० मध्ये ॲडम, मार आणि गेरेस यांनी जी पद्धत काढली, ती मला या सगळ्या कथेचा खरा कणा वाटते. डिजिटोनिन कोलेस्टेरॉलला धरते. पेशीच्या बाहेरच्या पटलात कोलेस्टेरॉल भरपूर असते, केंद्रकाच्या आवरणात कमी. त्यामुळे मोजून घातलेले डिजिटोनिन बाहेरचे पटल सच्छिद्र करते, पेशीद्रव धुऊन जातो आणि केंद्रक मात्र शाबूत राहते. मग खूण जोडलेले, चकाकणारे प्रथिन घालायचे आणि पाहायचे. नुसत्या प्रथिनाने काही होत नाही. पेशीद्रवाचा अर्क परत घातला की केंद्रक उजळते. त्या अर्कातला कोणता घटक कशासाठी लागतो, हे आता एकेक वेगळा करून तपासता येऊ लागले.

त्यातून १९९३ मध्ये मूर आणि ब्लोबेल यांना, आणि स्वतंत्रपणे मेल्खिओर व गेरेस यांच्या गटाला, रॅन हे छोटे जीटीपेज सापडले. १९९४-९५ मध्ये गोर्लिख आणि सहकाऱ्यांनी इम्पोर्टिनचे अल्फा आणि बीटा हे दोन भाग वेगळे केले. अल्फा खूण ओळखतो. बीटा अल्फाला धरून छिद्रातून नेतो. इथे सूक्ष्मदर्शकाखालचे चित्रच पायऱ्या सांगत होते. इम्पोर्टिन आहे पण रॅन नाही, तर केंद्रकाच्या काठावर चकाकते कडे दिसते: माल छिद्राशी पोचला, आत गेला नाही. रॅन आणि ऊर्जा दिली की कडे विरते आणि आतला भाग भरतो.

१२८ क्रमांकाच्या लायसिनचे महत्त्व १९९८ मध्ये कॉन्टी आणि सहकाऱ्यांच्या स्फटिकरचनेतून डोळ्यांना दिसले. अल्फाच्या अंगावर एक लांब खोबण असते. त्या लायसिनची बाजूची साखळी खोबणीतल्या एका खोल कप्प्यात शिरते आणि तिचा धनभार तिथल्या ॲस्पार्टिक आम्लाच्या ऋणभाराशी जुळतो. बाकीची अमिनो आम्ले थोडीफार बदललेली खपतात, हे नाही.

रॅनला जीटीपी लागते म्हटल्यावर साहजिकच वाटले की छिद्रात एखादा पंप असावा आणि जीटीपीचे विघटन मालाला आत ढकलत असावे. पण खरी दिशा दाखवली ती दोन साहाय्यक प्रथिनांच्या पत्त्यांनी. रॅनवरचे जीडीपी काढून जीटीपी बसवणारे आरसीसी१ गुणसूत्रद्रव्याला चिकटलेले असते, म्हणजे केंद्रकात. जीटीपीचे विघटन करवणारे रॅनगॅप असते पेशीद्रवात. रॅन एकटे असेल तर दोन्ही क्रिया अतिशय मंद चालतात. ही प्रथिने आपापली क्रिया सुमारे एक लाख पटींनी वाढवतात. म्हणून आत रॅन बहुतांशी जीटीपीसह असते आणि बाहेर जीडीपीसह. हाच रॅन-जीटीपीचा उतार. विशेष म्हणजे आरसीसी१ हाती आले ते वाहतुकीच्या शोधात नाही. जपानमध्ये निशिमोतो यांचा गट हॅमस्टरच्या एका सदोष पेशीवाणात गुणसूत्रे वेळेआधी का घट्ट होतात ते शोधत होता.

आता आयातीची फेरी सरळ लागते. इम्पोर्टिन माल घेऊन आत येतो, तिथे रॅन-जीटीपी बीटाला बिलगते आणि माल सुटतो. बीटा रॅन-जीटीपीसह बाहेर जातो. तिथे जीटीपीचे विघटन होते आणि तो पुन्हा मोकळा होतो. निर्यातीचा नियम उलटा. सीआरएम१ सारखे निर्यातवाहक रॅन-जीटीपी सोबत असेल तरच माल घट्ट धरतात आणि बाहेर विघटन होताच सोडतात. प्रत्येक फेरीत रॅन बाहेर जात राहते, म्हणून एनटीएफ२ नावाचे छोटे प्रथिन रॅन-जीडीपीला सतत आत आणते. तो पुरवठा थांबला तर आतला साठा संपेल.

पंपाची कल्पना पुरती निकालात काढणारा प्रयोग १९९९ चा, नाशुरी आणि वाइस यांचा. डिजिटोनिन दिलेल्या पेशींमध्ये त्यांनी केंद्रकाबाहेर रॅन-जीटीपी भरपूर वाढवले, म्हणजे उतार उलटा केला. एरवी बाहेर जाणारा निर्यातीचा माल वेगाने आत जाऊ लागला, आणि तोही जीटीपीचे विघटन न होता. छिद्राला स्वतःची दिशा नव्हती. वाहकासह आलेल्याला ते दोन्हीकडून जाऊ देते. ऊर्जा खर्च होते ती दोन बाजूंमधला फरक टिकवण्यासाठी. २००२ मध्ये कलाब, वाइस आणि हील्ड यांनी बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात प्रतिदीप्त शोधक वापरून गुणसूत्रांभोवतीचा रॅन-जीटीपीचा उतार प्रत्यक्ष दाखवला. तोवर तो अनुमानानेच मानला जात होता.

आज प्रयोगशाळेत एखादे प्रथिन चुकीच्या जागी दिसले, तर या इतिहासाचा थेट उपयोग होतो. केवळ जागा पाहून दोष खुणेत, वाहकात की उतारात, ते सांगता येत नाही. लेप्टोमायसिन बी दिल्यावर ते प्रथिन केंद्रकात साठू लागले, तर ते आत येत होते आणि सीआरएम१ मार्गे बाहेर पडत होते. कारण हे औषध सीआरएम१ च्या ५२८ क्रमांकाच्या सिस्टीनला कायमचे चिकटते. पण अनेक वेगवेगळ्या खुणांची प्रथिने एकदमच भरकटली असतील, तर प्रत्येकाचा क्रम तपासण्याआधी रॅनलाच रंगवून पाहावे. निरोगी पेशीत ते केंद्रकात ठळक दिसते. ते पेशीभर पसरलेले असेल, तर बिघाड बहुधा मालात नाही, उतारात आहे.