0.4 सेकंदांची सबुरी

मध्यम आकाराच्या कारखान्यात हमखास आढळणारा ट्रान्सफॉर्मर घ्या: 1000 केव्हीए, 11 हजार व्होल्टचे 433 करणारा. त्याच्या एलटी पॅनेलमध्ये चालू बसबारवर पाना पडला की हवेतूनच वीज वाहू लागते, तांब्याची वाफ होते आणि आगीचा लोळ उघड्या दारातून थेट समोरच्या माणसावर येतो. दोन फुटांवर उभ्या असलेल्याच्या अंगावर दर चौरस सेंटिमीटरला किती उष्णता पडते, त्यावर दुखापत ठरते. 1.2 कॅलरी पडली तरी उघड्या कातडीवर फोड येतात.

एवढा मोठा शॉर्ट झाल्यावर ब्रेकर तत्काळ पडेलच, असं आपण धरून चालतो. इथेच घात होतो. या ट्रान्सफॉर्मरमधून निव्वळ शॉर्टला सुमारे 26 हजार अँपिअर मिळतात. पण भडक्याचा स्वतःचा अडथळा असतो, त्यामुळे प्रवाह साधारण 13 हजारांवर येतो. 1600 अँपिअरच्या इनकमर एसीबीचं तत्काळ ट्रिपिंग दहा पटीवर, म्हणजे 16 हजारांवर ठेवलेलं असेल, तर हा भडका त्याच्या खालून निसटतो. मग काम उरतं विलंबाच्या सेटिंगकडे. तिथे 0.4 सेकंद थांबायचं ठरलेलं असतं, तेही चांगल्या हेतूने: दोष एखाद्या फीडरवर असेल तर आधी त्याचा ब्रेकर पडावा, सगळा कारखाना अंधारात जाऊ नये.

ब्रेकर उघडण्याचा वेळ धरून 0.46 सेकंद होतात. आयईईई 1584 या मानकाच्या 2002 सालच्या सूत्रांनी हिशेब केला, तर सुमारे 13 कॅलरी येतात. प्रवाह तोच राहिला तर उष्णता वेळेच्या प्रमाणात वाढते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी मेन्टेनन्स स्विच फिरवून तत्काळ ट्रिपिंग 6,400 अँपिअरवर आणलं, की 0.06 सेकंदात वीज तुटते आणि कॅलरी दोनच्या आत येतात. सूट आणि फेस शील्ड तरीही लागतातच. काम संपल्यावर स्विच परत फिरवायला विसरलं, तर एखाद्या मोठ्या फीडरच्या दोषानेही अख्खं पॅनेल बंद पडतं. प्रकाश ओळखणारा रिले बसवला तर हा स्विच लक्षात ठेवावा लागत नाही. तो काही मिलिसेकंदांत ट्रिपचा आदेश देतो. ब्रेकरच्या यंत्रणेला उघडायला लागणारे पन्नासेक मिलिसेकंद मात्र वाचत नाहीत.

एक जागा या सगळ्यातून सुटते. इनकमरच्याच ट्रान्सफॉर्मरकडच्या टर्मिनलवर भडका झाला, तर इनकमर पडून काही उपयोग नाही. 11 केव्हीच्या बाजूला तो दोष जेमतेम 500 अँपिअरचा दिसतो आणि तिथल्या रिलेला किंवा फ्यूजला सेकंदाहून जास्त वेळ लागू शकतो. दोन सेकंद धरले तर कॅलरी पन्नाशी ओलांडतात. प्रकाशाच्या रिलेचा आदेश एचटी ब्रेकरलाही जोडला असेल तर गोष्ट वेगळी. वरच्या बाजूला नुसते फ्यूज असतील, तर आदेश घ्यायला तिथे कोणी नसतं. त्या टर्मिनलला हात लावायचा तो 11 केव्हीचा शटडाऊन घेऊनच.