बोअरला किती एचपीची मोटार?

बोअर पाडून झाली की दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती फुटांची आहे?" तीनशे फूट म्हटलं की दुकानदार पाचची मोटार काढून देतो. पण बोअरच्या खोलीवरून एचपी ठरत नाही. पाणी किती उंच चढवायचं आणि तासाला किती लिटर हवं, या दोन आकड्यांवरून तो ठरतो.

उंची मोजायची ती मोटार चालू असताना बोअरमधलं पाणी जिथे स्थिरावतं तिथून. मोटार बंद असताना पाणी ९० फुटांवर दिसेल. उपसा सुरू झाला की ते उतरत जातं आणि झऱ्यांतून येणारं पाणी उपशाच्या बरोबरीला आलं की थांबतं. पंप २४० फुटांवर सोडला आणि पाणी १८० वर टिकलं, तर चढ १८० फुटांचाच धरायचा. त्याखालचा पंप पाण्यातच बुडालेला असतो, त्यामुळे पाइपातल्या थोड्या जास्त घर्षणाखेरीज त्या ६० फुटांचा भार मोटारीवर येत नाही. ही पातळी एप्रिल-मेमध्ये मोजावी. आपल्या काळ्या कातळात पाणी भेगांपुरतंच असतं, त्यामुळे पावसाळ्यानंतरचा आकडा फसवतो.

सांगोल्याकडची एक डाळिंबाची बाग धरू. उन्हाळ्यात दोनशे लिटरचा बॅरल साधारण २ मिनिटं २४ सेकंदांत भरतो, म्हणजे तासाला ५,००० लिटर. एवढा उपसा तासन्‌तास चालू ठेवला तरी पाणी १८० फुटांवर, म्हणजे ५५ मीटरवर टिकतं. साठवणटाकी बोअरच्या तोंडापासून १२ मीटर उंचावर आहे. बोअरमधला आणि शेतातला मिळून २४० मीटर पाइप आहे, आतून दोन इंची. त्यातलं घर्षण सुमारे ३ मीटर, बेंड आणि व्हॉल्व्हचे आणखी २. एकूण हेड झालं ७२ मीटर. हाच पाइप सव्वा इंची टाकला असता, तर नुसतं घर्षणच पंचवीस मीटरच्या पुढे गेलं असतं. पाइपात वाचवलेला पैसा असा मोटारीत जातो.

आता हिशेब:

एचपी = (लिटर प्रति सेकंद × मीटर) ÷ (७५ × पंपाची कार्यक्षमता)

तासाला ५,००० लिटर म्हणजे सेकंदाला १.३९ लिटर. त्याला ७२ ने गुणून ७५ ने भागलं की १.३३ येतात. पण पंप काही सगळी ताकद पाण्याला देत नाही. या आकाराच्या सबमर्सिबलची कार्यक्षमता निम्मी धरली, तर २.६७ एचपी लागतात. दहा टक्क्यांच्या आसपास राखीव ठेवली की उत्तर येतं ३ एचपी.

मग पाचची मोटार का नको? तेवढ्याच हेडला ती तासाला आठ-नऊ हजार लिटर ओढू पाहते आणि बोअर देते पाच हजार. पाणी पंपापर्यंत उतरतं, पंप हवा ओढू लागतो. नळीतून पाणी फुर्रफुर्र करत तुटक येतं, स्टार्टरच्या पेटीवरच्या अँपिअर मीटरचा काटा खाली येऊन थरथरतो. सबमर्सिबलचे बुश पाण्यावरच फिरतात आणि मोटारही पाण्यानेच गार राहते. ती कोरडी चालली की बुश झिजतात, वाइंडिंग जळतं. काटा असा पडू लागला, तर मोटार लगेच बंद करावी. पुढचा उपाय म्हणजे डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळून उपसा बोअरच्या आवकेइतका आणणं.

तीनची मोटार ठरली तरी निवड संपत नाही. ३ एचपीचा एक पंप दहा स्टेजचा असतो, दुसरा वीसचा. स्टेज म्हणजे एकावर एक बसवलेल्या इंपेलरची एकेक पायरी. प्रत्येक पायरी पाण्याला आणखी थोडं वर ढकलते. स्टेज कमी तर पाणी जास्त पण उंची कमी, स्टेज जास्त तर उंची जास्त पण पाणी कमी. कमी स्टेजचा पंप ७२ मीटरवर नुसताच घुमतो, पाणी वर येत नाही. म्हणून दुकानात पंपाचा तक्ता मागावा आणि ७२ मीटरसमोर ५,००० लिटर कुठल्या मॉडेलला आहे ते पाहावं. हे दोन आकडे तक्त्याच्या अगदी टोकाला न येता मधल्या भागात पडले, तर पंप बरोबर.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत तर एचपी जमिनीवरून ठरतो: अडीच एकरांपर्यंत ३, पाचपर्यंत ५, त्यापुढे ७.५. बोअर खोल की उथळ, हे त्यात येत नाही. म्हणून तिथेही अर्ज भरण्याआधी उन्हाळ्यातली पाण्याची पातळी आणि बॅरल भरायला लागणारा वेळ कागदावर लिहून ठेवावा आणि पुरवठादाराकडे त्याच हेडचा पंप मागावा.