एका क्लिकचं एक पान

दहावीच्या भूमितीतली पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता पॉवरपॉइंटवर शिकवायची आहे असं समजा. स्लाइड उघडते तेव्हा पडद्यावर फक्त काटकोन त्रिकोण ABC असतो, B पाशी काटकोन. पहिल्या क्लिकला B मधून कर्णावर लंब BD उतरतो आणि सोबत ‘आता काय दिसतं?’ असा प्रश्न लिहिलेली पिवळी चौकट येते. दुसऱ्या क्लिकला AB² = AC × AD हे समीकरण येतं, तिसऱ्या क्लिकला BC² = AC × DC. चौथ्या क्लिकला चौकट नाहीशी होते आणि तिच्या जागी दोन्हींची बेरीज उमटते: AB² + BC² = AC².

हीच फाइल पीडीएफ करून मुलांना पाठवली की त्यांच्या हाती एकच पान पडतं. त्रिकोण, लंब, समीकरणं सगळं एकदम, आणि अंतिम उत्तरावर ती पिवळी चौकट ठाण मांडून बसलेली.

असं का होतं? पॉवरपॉइंटच्या फाइलमध्ये वस्तू आणि त्यांचं वेळापत्रक वेगवेगळं नोंदलेलं असतं. कुठली वस्तू कधी येणार, कधी जाणार हे timing नावाच्या स्वतंत्र भागात असतं. पीडीएफ करताना ते वेळापत्रक बाजूला राहतं आणि स्लाइडवरच्या साऱ्या वस्तू एकावर एक रचून छापल्या जातात. जी वस्तू निघून जाणार होती, तीही छापली जाते. म्हणून प्रत्येक टप्प्याचं वेगळं पान हवं असेल, तर पीडीएफ करण्याआधी स्लाइडचेच तुकडे पाडावे लागतात.

अ‍ॅपलच्या कीनोटमध्ये ही सोय मुळातच आहे. पीडीएफ एक्स्पोर्ट करताना Print each stage of builds या पर्यायावर खूण केली की काम झालं. पॉवरपॉइंटसाठी मात्र मासिमो रिमोंदिनी यांनी तयार केलेलं PPspliT हे मोफत अ‍ॅड-इन घ्यावं लागतं. ते प्रत्येक स्लाइडच्या टप्प्याटप्प्याने प्रती काढतं आणि त्या त्या क्षणी जे दिसायला हवं तेवढंच ठेवतं. ते उघड्या फाइलमध्येच बदल करतं. त्यामुळे आधी फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करायची, ही पायरी कधीही गाळू नये. स्लाइडचा मूळ क्रमांक सगळ्या तुकड्यांवर कायम ठेवण्याचा पर्यायही त्यात आहे. तो निवडावा, नाहीतर ‘स्लाइड ७ बघा’ म्हटल्यावर वर्ग भलतंच पान उघडेल.

अ‍ॅड-इन बसवायची परवानगी नसलेल्या संगणकावर हेच हाताने करता येतं, फक्त शेवटून सुरुवात करावी. पूर्ण स्लाइडची प्रत काढायची आणि आधीच्या प्रतीतून शेवटची भर काढून टाकायची. मग तिची प्रत, आणि पुन्हा तेच. पुढून मागे गेलात तर प्रत्येक वस्तू नव्याने जागेवर बसवावी लागते आणि ती केसभर जरी सरकली तरी पान उलटताना चित्र हलल्यासारखं दिसतं. मजकुराची चौकट उभ्या दिशेने मध्यावर बांधलेली असेल तर ओळ पुसल्यावर उरलेल्या ओळी सरकतात. म्हणून मजकूर आधी वरच्या कडेला बांधून घ्यावा. उत्तर लपवण्यासाठी अक्षरांना पार्श्वभूमीचा रंग देणं सोपं वाटतं, पण पीडीएफमध्ये तो मजकूर माउसने निवडता येतो आणि शोधल्यावर सापडतोही. प्रश्नमंजूषेच्या फाइलसाठी हा मार्ग सरळ टाळावा.

काम नीट झालं का, हे पानं मोजून कळतं. अ‍ॅनिमेशन पेनमध्ये प्रत्येक क्लिकचा आकडा दिसतो. आपल्या सिद्धतेत चार क्लिक आहेत, म्हणून सुरुवातीच्या स्थितीसह पाच पानं यायला हवीत. सहा आली, तर लंब आणि पिवळी चौकट वेगळी पडली असण्याची शक्यता आहे: एकाच क्लिकला एकत्र येणाऱ्या वस्तू एकाच पानावर हव्यात. हालचाल मात्र पीडीएफमध्ये येत नाही. चेंडू वक्र मार्गाने जाताना दाखवायचा असेल तर मधल्या स्थिती हाताने काढाव्या लागतात.

अशा पीडीएफचा मराठी शिक्षकांना आणखी एक फायदा आहे. फॉन्ट फाइलमध्येच बसवलेला असला की जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधली स्लाइडही परक्या संगणकावर नीट वाचता येते. दाखवताना सलग सरकणारा देखावा बंद करून एकावेळी एक पान ठेवावं. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये Ctrl+L दाबलं की पान पडदाभर होतं आणि बाणाच्या कळीने पायरीपायरीने पुढे जाता येतं.

छापायला मात्र ही फाइल देऊ नये. त्या एका सिद्धतेला पाच कागद लागतील. छपाईसाठी मूळ स्लाइडचीच प्रत घ्यावी आणि तीमधली पिवळी चौकट तेवढी काढून टाकावी.