अडत्याच्या हिशेबपट्टीची नोंद

एका शेतकऱ्याने अडत्यामार्फत 20 क्विंटल कांदा क्विंटलला 1,500 रुपये दराने विकला. एकूण किंमत 30,000 रुपये झाली. त्यातून मोटारभाडे 2,000, हमाली-तोलाई 400 व पूर्वीची उचल 5,000 वजा होऊन 22,600 रुपये हाती आले. एवढीच रक्कम विक्री म्हणून लिहिल्यास पिकाचे उत्पन्न 7,400 रुपयांनी कमी दिसते. म्हणून कांदाविक्री पूर्ण 30,000 जमा धरावी व 2,400 खर्ची टाकावेत. उचल हा खर्च नव्हे, ती कर्जफेड होय. ती अडत्याच्या खात्यावर नावे लिहावी. पट्टीत अडत कापलेली आढळल्यास विचारणा करावी. महाराष्ट्रात फळे-भाजीपाल्यावरील अडत 2016 पासून खरेदीदाराकडून घ्यावयाची आहे.