स्वागताची चार मिनिटं

महाविद्यालयातल्या चर्चासत्रात दीपप्रज्वलन झालं की माइक विद्यार्थी संयोजकाच्या हाती येतो. त्याच्याकडे जेमतेम चार मिनिटं असतात. पाहुण्यांचा सविस्तर परिचय पुढे दुसरं कुणी करून देणारच असतं, तरी बरीच स्वागतपर भाषणं पदव्या आणि पुरस्कार वाचण्यातच संपतात. मागच्या रांगांत चुळबुळ सुरू होते ती तिथेच.

विषय ‘संगीत आणि समाज’ असेल, तर एकच ठोस घटना पुरते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ते कुणा संस्थानिकाच्या आश्रयावर नव्हे, तर लोकांच्या देणग्या आणि जलशांच्या उत्पन्नावर चाललं. उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षं राहून मिळणारी तालीम आता वर्गात, ठरलेल्या अभ्यासक्रमानुसार मिळू लागली. मध्यमवर्गीय घरांतली मुलंमुली गाणं शिकू लागली.

संयोजकाने इतकं सांगून सभागृहापुढे प्रश्न ठेवावा: ज्या तवायफांनी आणि उस्तादांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांना या नव्या व्यवस्थेत कितपत जागा मिळाली? उत्तर मात्र देऊ नये. ते वक्त्यांचं काम. मग त्यांची नावं, उच्चार आधी विचारून घेऊन, नीट घ्यावीत आणि खाली बसावं.