तात्पुरती कॅप आणि कायमच्या कॅपची निवड

रूट कॅनाल झालेली खालची पहिली दाढ कॅपसाठी घासली जाते, तेव्हा कॅपच्या प्रकारानुसार तिच्या माथ्यावरून एक ते दोन मिलिमीटर थर निघतो. बाजूंनी त्याहून कमी. माप लॅबमध्ये जाऊन कायमची कॅप येईपर्यंत आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर दाढेवर ॲक्रिलिकसारख्या प्लॅस्टिकची तात्पुरती कॅप बसवतात. ती नसेल तर शेजारचे दात मोकळ्या जागेकडे सरकू लागतात, वरची दाढ खाली उतरते, हिरडी घासलेल्या कडेवर चढते आणि अचूक मापाने तयार झालेली कॅपही बसेनाशी होते.

पुढच्या भेटीत सहज निघावी म्हणून या कॅपचे सिमेंट मुद्दाम कमी ताकदीचे असते. त्यामुळे चिक्की, टॉफी, च्युइंगगम आणि सुपारी टाळावी, घास दुसऱ्या बाजूने चावावा. ब्रश मात्र तिथेही हलक्या हाताने फिरवावाच. तो टाळला तर हिरडी सुजते आणि कायमची कॅप बसवताना रक्त येऊन सिमेंट नीट धरत नाही. फ्लॉस वर न ओढता बाजूने काढावा.

नस काढलेल्या दाढेत खरा धोका हा, की कॅप सुटली तरी दुखत नाही. म्हणून ती तशीच राहू दिली जाते. पण सिमेंट विरघळल्यावर लाळ आणि जंतू आत शिरतात. आंबट-खारट किंवा दुर्गंधीयुक्त चव आणि जिभेने हलणारी कॅप या त्याच्या खुणा. सैल कॅप तोंडात ठेवून झोपू नये, ती श्वासनलिकेत जाऊ शकते. ती काढून धुऊन डबीत ठेवावी आणि एक-दोन दिवसांत डेंटिस्टकडे जावे. झटपट चिकटणारा घरगुती गोंद कधीही वापरू नये. नस जिवंत असलेल्या दाताला थंड पाण्याने क्षणभर कळ येणे स्वाभाविक असते. चावताना दुखत असेल तर बहुधा कॅप उंच झालेली असते.

कायमच्या कॅपमध्ये पूर्ण धातूची कॅप सर्वांत पातळ चालते, म्हणून दाढ कमी घासावी लागते. बुटक्या दाढेला आणि रात्री दात खाणाऱ्याला तीच खरी सोयीची. दिसणे ही तिची एकमेव मोठी उणीव. निकेलची ॲलर्जी असल्यास निकेल नसलेला धातू मागावा.

मेटल-सिरॅमिकमध्ये धातूच्या पातळ टोपीवर पोर्सिलेनचे थर भाजलेले असतात. दोन्हींना जागा हवी म्हणून दाढ जास्त घासावी लागते. पोर्सिलेनचा टवका उडणे हा तिचा नेहमीचा दोष, आणि हिरडी खाली सरकली की कडेला करडी रेघ दिसते.

झिर्कोनिया संगणकाच्या मदतीने ठोकळ्यातून कोरून साधारण १५०० अंश सेल्सिअसला भाजतात. त्यात ती सुमारे २० टक्के आकसते, म्हणून आधी मोठीच कोरतात. एकसंध झिर्कोनियावर वेगळा थर नसल्याने टवके क्वचितच उडतात. जास्त पारदर्शक प्रकार दिसायला सरस असला तरी ताकदीला कमी, त्यामुळे तो दाढेपेक्षा पुढच्या दातांना शोभतो. बसवताना उंची घासून कमी केली, तर तो भाग पुन्हा चकचकीत पॉलिश करून घ्यायलाच हवा. खडबडीत झिर्कोनिया समोरच्या दाताचे एनॅमल झिजवतो.